एका एए सेलवर बूस्ट कन्व्हर्टर: चालू असताना चालतो, पण पुन्हा उठत नाही

प्रश्न: एका एए अल्कलाइन सेलवर ATmega328P (८ मेगाहर्ट्झ) आणि nRF24L01+ चालवतोय. झीरो पीसीबीवर MCP1640 लावून ३.३ व्होल्ट काढलेत. इंडक्टर हाताशी होता तोच घातला, रेझिस्टरसारखा दिसणारा १० मायक्रोहेन्रीचा. आउटपुटला ४७० मायक्रोफॅरड आहे. चालू असेल तर सेल ०.९ पर्यंत उतरला तरी चालतं. पण सेल १.२ च्या आसपास असताना स्विच बंद करून परत चालू केला की उठतच नाही. डेटाशीटमध्ये तर ०.६५ व्होल्टला सुरू होतो असं लिहिलंय. इंडक्टर कोणता घेऊ, आणि लोडसकट सुरू होतोय की नाही हे नीट कसं तपासू?

उत्तर:

०.६५ हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या सर्किटचा नाही. त्याच ओळीत लोडही दिलेला आहे: १ मिलिअँप. आणि सुरुवातीच्या व्होल्टेजची ही मोजणी रेझिस्टर लावून केलेली असते. ३.३ व्होल्टला १ मिलिअँप घेणारा रेझिस्टर १ व्होल्टला जेमतेम ०.३ मिलिअँप घेतो. म्हणजे आउटपुट वर चढत असताना तो जवळजवळ बाजूलाच उभा असतो. मायक्रोकंट्रोलर इतका सभ्य नसतो. तो अर्ध्या वाटेवरच जागा होतो आणि खायला मागतो.

चालू राहणं आणि सुरू होणं ही MCP1640 च्या आत दोन वेगळी कामं आहेत. एकदा आउटपुट ३.३ वर आलं की चिप स्वतःचा पुरवठा आउटपुटवरूनच घेते. मग आतल्या मॉसफेटच्या गेटला भरपूर व्होल्टेज मिळतं, तो नीट उघडतो आणि सेल ०.९ ला आला तरी काही बिघडत नाही. स्विच टाकला त्या क्षणी मात्र आउटपुट शून्यावर असतं आणि चिपच्या हातात सेलचा एखादा व्होल्ट, बस. आधी सेलमधून इंडक्टरवाटे सरळ आउटपुट कॅपॅसिटर भरतो, साधारण सेलच्या व्होल्टेजपर्यंत. पुढे कमी व्होल्टेजवर कसंबसं चालणारं एक सुरुवातीचं सर्किट मॉसफेटला ढकलत राहतं. तेव्हा नेहमीचा कंट्रोल लूप जागा झालेला नसतो आणि देता येणारा करंट फार थोडा असतो. आउटपुट दीड व्होल्टच्या थोडं वर सरकलं की चिप स्वतःच्या आउटपुटवर उभी राहते आणि तिथून ३.३ पर्यंत एका दमात जाते.

तुमचा घोटाळा १ ते १.६ व्होल्ट या छोट्या चढावर आहे. ब्राउन-आउट बंद असेल (प्रश्नाच्या वर्णनावरून मला तोच संशय आहे) तर AVR दीड व्होल्टच्या आसपासच रिसेटमधून बाहेर येतो आणि ८ मेगाहर्ट्झवर धावायला लागतो. एवढ्या कमी व्होल्टेजला ८ मेगाहर्ट्झ त्याला परवडतही नाही, त्यामुळे तो कोड बरोबर चालवेल याची खात्री नाही, पण करंट मात्र घेतो. त्यातून setup() मध्ये पहिलंच काम रेडिओ रिसीव्हला टाकण्याचं असेल तर त्याचाही भार पडू शकतो. चिपची देण्याची ताकद आणि बोर्डाची मागणी जिथे सारखी होते तिथे आउटपुट अडकतं. स्कोपवर हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही: रेघ चढते, दीड व्होल्टपाशी आडवी होते आणि तशीच आडवी राहते. मल्टिमीटरवर आउटपुटला १.४, १.५ असं काहीतरी दिसेल. बोर्ड मेल्यासारखा वाटतो, पण सेलमधून करंट चालूच असतो. स्विच चालू ठेवून विसरलात तर सकाळी सेल खरोखरच संपलेला मिळेल.

आता इंडक्टर. पण त्याआधी वाटेतला रेझिस्टन्स मोजा, कारण निवड त्यावरच ठरते. मीटर आणि १० ओहमचा एक रेझिस्टर पुरे. सेल होल्डरमध्ये, स्विच चालू, चिप सुटी केलेली, आणि चिपच्या इनपुट पॅडवर तो १० ओहम. समजा मोकळं व्होल्टेज १.२५ आहे आणि रेझिस्टर लावल्यावर पॅडवर १.१३ दिसतंय. करंट ११३ मिलिअँप झाला आणि ०.१२ व्होल्ट वाटेत गेले, म्हणजे वाटेत साधारण १.०६ ओहम आहे. आता तसंच ठेवून मीटरच्या सुया थेट सेलच्या दोन टोकांवर टेकवा, होल्डरच्या पत्र्यावर नाही. तिथे १.१९ आले तर सेलचा स्वतःचा रेझिस्टन्स अर्धा ओहम, आणि उरलेला अर्धा ओहम स्प्रिंग, स्लाइड स्विच आणि वायरींचा. सेलचं काही करता येत नाही. तो जुना होत जातो तसा आणि थंडीत रेझिस्टन्स वाढतच जातो. पण दुसरा अर्धा ओहम फुकट जातोय. जाड वायर, चांगला होल्डर आणि स्विच वगळणं यावर तो बराच खाली येतो.

या एक ओहमच्या पुढे तुमचा इंडक्टर जोडला गेलाय. रेझिस्टरच्या आकाराच्या १० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरमध्ये तार बारीक असते. त्याचा डीसी रेझिस्टन्स ओहमच्या घरात असणं अगदी नेहमीचं आहे. मीटर ओहमवर लावा, आधी सुया एकमेकींना टेकवून वाचन घ्या आणि ते वजा करा. तो १ ओहम धरला तर एकूण झाले दोन ओहम, मॉसफेट न धरता. एखाद्या उगमातून रेझिस्टन्सवाटे जास्तीत जास्त किती पॉवर निघू शकते, त्याला एक छत असतं:

```
Pmax = V * V / (4 * R)
1.25 V, 2.06 ohm  ->  0.19 W
1.25 V, 1.15 ohm  ->  0.34 W
```

दुसरी ओळ ०.०९ ओहमच्या चांगल्या इंडक्टरची. तुमचा चालू लोड मायक्रोकंट्रोलरचे ४ आणि रेडिओचे साडेतेरा, म्हणजे १८ मिलिअँपच्या आत आहे. ३.३ व्होल्टला ते ५९ मिलिवॉट, आणि कन्व्हर्टरमधला तोटा धरून सेलकडून साधारण ७० मिलिवॉट. म्हणून चालू असताना तुमचं सर्किट छताखाली मावतं आणि ०.९ पर्यंत तग धरतं. सुरू होताना मात्र ते छत नुसतं कागदावर असतं. गेटला व्होल्टेज नसल्यामुळे मॉसफेट अर्धवट उघडलेला असतो, म्हणजे दोन ओहममध्ये आणखी भर पडते, आणि त्याच वेळी कॅपॅसिटरही भरायचा असतो.

इंडक्टरचा रेझिस्टन्स आणि सेलचा रेझिस्टन्स यात एक फरक लक्षात घ्या. चिपच्या इनपुटला अगदी चिकटून १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर असेल तर करंटची टोकं तो पुरवतो आणि सेलच्या वाट्याला सरासरी येते. इंडक्टरच्या रेझिस्टन्समधून मात्र टोकंच जातात. ४०० मिलिअँपचं टोक १ ओहममधून गेलं की ०.४ व्होल्ट तिथेच संपले, आणि एक व्होल्टच्या सेलवर ही चैन परवडत नाही. पाच व्होल्टच्या सर्किटात हाच इंडक्टर कुणाला त्रास देत नाही, म्हणून सवयीने घातला जातो.

मूल्य किती घ्यावं यावर फार डोकं खपवू नका. या चिपची वारंवारता ५०० किलोहर्ट्झ आहे आणि डेटाशीट ४.७ मायक्रोहेन्री सांगतं. तेच घ्या. ०.९ व्होल्टला ४.७ मायक्रोहेन्रीत करंट दर मायक्रोसेकंदाला ०.१९ अँपियरने चढतो. ०.९ वरून ३.३ करताना दोन मायक्रोसेकंदांच्या फेरीत मॉसफेट फार तर दीड मायक्रोसेकंद चालू असतो, म्हणजे एका फेरीतली चढ ०.२८ अँपियरपलीकडे जात नाही. १० मायक्रोहेन्री घेतला तर ही चढ निम्म्यावर येते, आणि ते ऐकायला बरं वाटतं. पण त्याच आकाराच्या गाभ्यावर दुप्पट हेन्री हवे तर वेढे जास्त, तार बारीक, रेझिस्टन्स जास्त आणि सॅच्युरेशन लवकर. आपल्या कामात रिपलपेक्षा रेझिस्टन्स महाग पडतो.

सॅच्युरेशनचा आकडा नेहमीच्या करंटवरून ठरवू नका. तुमच्या लोडला चालू अवस्थेत टोकं दोनशे-अडीचशे मिलिअँपची असतील. ती पाहून ३०० मिलिअँपचा इंडक्टर उचलण्याचा मोह होतो. पण आउटपुट खाली असताना चिप आपल्या मर्यादेपर्यंत करंट ढकलायला बघते, आणि MCP1640 ची ती मर्यादा साधारण ८०० मिलिअँप आहे. त्या टोकाला गाभा सॅच्युरेट झाला की इंडक्टर नुसती तार उरतो. मग ऊर्जा साठत नाही, करंट मात्र भसकन वाढतो आणि सेल खाली बसतो. म्हणून सॅच्युरेशन करंट १ अँपियर किंवा जास्त, डीसी रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आसपास, आणि शील्डेड. ४ मिलिमीटर चौकोनी आकारात हे सगळं सहज मिळतं. डेटाशीटवर दोन करंट दिलेले असतात. एक तापण्याचा, एक सॅच्युरेशनचा. आपल्याला दुसरा हवा. तोही इंडक्टन्स किती टक्के घटल्यावर मोजलाय ते बघा, कारण कुणी १० टक्क्यांना मोजतं, कुणी ३० टक्क्यांना.

सॅच्युरेशन डोळ्यांनी पाहायचं असेल तर इनपुट कॅपॅसिटर आणि इंडक्टर यांच्या मध्ये ०.१ ओहम घाला आणि त्याच्यावर स्कोप लावा. कॅपॅसिटरच्या आधी, सेलच्या बाजूला घातलात तर सरासरीच दिसेल, काही कळणार नाही. चांगला इंडक्टर सरळ कडांचा त्रिकोण दाखवतो. सॅच्युरेट होणाऱ्याचा त्रिकोण वर जाताना शेवटी आकड्यासारखा उभा वळतो. ८०० मिलिअँपला फक्त ८० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणून प्रोबची ग्राउंड वायर लांब ठेवू नका, नाहीतर नॉइजच बघत बसाल.

चांगल्या इंडक्टरने निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं म्हणजे मायक्रोकंट्रोलरला चढावर झोपवून ठेवणं. २.७ व्होल्टचा ब्राउन-आउट चालू करा:

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFD:m
```

आता २.७ येईपर्यंत तो रिसेटमध्येच राहील, आणि तोवर कन्व्हर्टर अवघड टप्पा ओलांडून पूर्ण ताकदीवर आलेला असेल. ही कमांड देण्याआधी रेडिओ मॉड्यूल काढून ठेवा. बरेच प्रोग्रॅमर बोर्डाला ५ व्होल्ट देतात आणि nRF24L01+ ची मर्यादा ३.६ आहे. एकदा या घाईत मी दोन मॉड्यूल घालवली आहेत.

रेडिओच्या CE पिनला १० किलोओहमने ग्राउंडकडे ओढा, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचे पिन अधांतरी असताना तो मनाने जागा होणार नाही. आणि setup() मध्ये रेडिओ उघडण्याआधी १०० मिलिसेकंद थांबा. रेडिओला स्वतःच्या पॉवर-ऑन रिसेटसाठी तेवढा वेळ तसाही लागतो. डिस्प्ले किंवा सेन्सरसारखा आणखी कुणी सरळ ३.३ वर टांगलेला असेल तर त्याला पी-चॅनल मॉसफेटमागे ठेवा आणि गेट आउटपुटकडे ओढून ठेवा, म्हणजे मायक्रोकंट्रोलरने सांगेपर्यंत तो बंद राहील. पॉवरचा एलईडी असेल तर तो काढूनच टाका.

४७० मायक्रोफॅरडबद्दल: तो एकटा गुन्हेगार नाही, पण चढ लांबवतो. ३.३ व्होल्टपर्यंत भरायला त्याला अडीच मिलिज्यूल लागतात, आणि त्यातला पहिला हिस्सा त्याच कमकुवत काळात वाहायचा असतो. तेवढा वेळ सेल दबलेला राहतो. रेडिओला साडेतेरा मिलिअँपसाठी एवढं साठवण लागत नाही. चिपजवळ १० मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि रेडिओच्या पिनांजवळ ४७ पुरे.

तपासणी. बेंच सप्लाय थेट लावून सर्किट पास केलंत तर तुम्ही सप्लाय तपासला, सर्किट नाही. त्याचा रेझिस्टन्स मिलिओहममध्ये असतो, म्हणून तिथे वाईट इंडक्टरही उठतो. सप्लायच्या मालिकेत १ ओहमचा, एक-दोन वॉटचा रेझिस्टर घाला. तो तुमचा म्हातारा सेल. सप्लायची करंट मर्यादा मात्र १ अँपियरच्या वर ठेवा, नाहीतर सप्लाय स्वतःच हात आखडता घेईल आणि दोष सर्किटाला द्याल. लोड खरा हवा: हाच मायक्रोकंट्रोलर, हाच रेडिओ, हाच कोड. स्कोपचं एक चॅनल चिपच्या इनपुट पिनवर, दुसरं आउटपुटवर, सिंगल ट्रिगर, २० मिलिसेकंद प्रति डिव्हिजन.

प्रत्येक वेळी स्विच टाकण्याआधी आउटपुट कॅपॅसिटरवर १०० ओहम सेकंदभर टेकवून तो पूर्ण रिकामा करा. यातच मी बराच काळ फसलो होतो. बंद केल्यावर आउटपुट घसरत एक व्होल्टच्या खाली येतं, आणि तिथे मायक्रोकंट्रोलर जवळजवळ काहीच घेत नाही. ही चिप बंद असताना आउटपुट इनपुटपासून तोडते, म्हणून ते उलटही वाहून जात नाही. उरलेलं व्होल्टेज कितीतरी वेळ तसंच बसतं. पुढचा स्विच टाकला की निम्मा चढ आधीच चढलेला असतो, आणि आपण खूश. माझा बोर्ड टेबलावर दहापैकी दहा वेळा उठायचा आणि रात्रभर बंद राहिला की सकाळी नाही. मी आठवडाभर तापमानाला दोष देत होतो.

सप्लाय १.५ पासून ०.०५ व्होल्टच्या पायऱ्यांनी खाली आणा आणि प्रत्येक पायरीवर दहा वेळा स्विच टाका. दहापैकी नऊ म्हणजे नापास. अपयशाचे दोन आकार दिसतील. एक वर सांगितलेली आडवी रेघ, म्हणजे चढावरच मागणी जास्त आहे. दुसरा करवतीसारखा: आउटपुट ३.३ ला पोचतं, रेडिओ उघडतो, इनपुट खाली बसतो, आउटपुट २.७ खाली जातं, रिसेट, आणि पुन्हा पहिल्यापासून. यात सुरुवात ठीक झालेली असते, वाटेतला रेझिस्टन्स जास्त असतो. स्कोप नसेल तर दुसरा प्रकार मायक्रोकंट्रोलरच सांगू शकतो:

```c
uint8_t borCount __attribute__((section(".noinit")));

void checkReset(void) {
  uint8_t why = MCUSR;
  MCUSR = 0;
  if (why & _BV(PORF)) borCount = 0;
  else if (why & _BV(BORF)) borCount++;
}
```

हे setup() च्या सुरुवातीला बोलवा आणि borCount रेडिओच्या पॅकेटमध्ये पाठवा. पॉवर-ऑनला दोन्ही बिट लागू शकतात, म्हणून PORF आधी बघायचा. बूटलोडर ठेवला असेल तर तो MCUSR आधीच पुसून टाकण्याची शक्यता आहे, तेव्हा हे बूटलोडरशिवाय जाळलेल्या कोडवर करा. आणि borCount तीनच्या वर गेला की रेडिओ उघडूच नका, नाहीतर करवत सेल संपेपर्यंत चालेल.

१ ओहमसकट १.०५ व्होल्टला दहापैकी दहा आले तर मी तो बोर्ड वापरायला घेतो. त्याखाली रेटत बसण्यापेक्षा स्विचच काढून टाका. उपकरण बंद करायचं म्हणजे रेडिओ पॉवर-डाउनला आणि मायक्रोकंट्रोलर स्लीपमध्ये, बटणाने जागा होणारा. कन्व्हर्टर चालूच राहतो, म्हणून त्याला पुन्हा चढावं लागत नाही. MCP1640 निवांत असताना आउटपुटवरून १९ मायक्रोअँप घेतो. सेलच्या बाजूने ते साठ-सत्तर मायक्रोअँप पडतात, म्हणजे २००० मिलिअँप-तासांच्या सेलवर कागदावर तीन वर्षं. मग सुरू होण्याची परीक्षा फक्त नवा सेल घालतानाच, आणि १.५ व्होल्टला तुमचा जुना इंडक्टरही कदाचित उठेल. तरी तो बदला.